उभं राहण्याचे पैसे



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते सर रात्रशाळेत आम्हाला हिशेब शिकवायचे. दिवसभर कुठे कुठे राबून आलेली आम्ही पोरं पेंगत असायचो. सर फळ्यावर आकडा लिहायचे आणि विचारायचे, "कशाला भागलं?" उत्तर बरोबर आलं तरी ते हाच प्रश्न विचारत. पुढे मी चाळीस वर्षं मालवाहतुकीच्या धंद्यात कॉस्टिंगचं काम केलं. एका ट्रकचा दर किलोमीटरला खरा खर्च किती येतो हे काढणं, हीच माझी नोकरी होती. भागाकारात वर काय ठेवलं यापेक्षा खाली काय ठेवलं यावरच माणसं जास्त फसतात, हे त्या चाळीस वर्षांत मला पक्कं कळलं. आज मी एका दुचाकीचा आणि तिच्यावर बसलेल्या माणसाचा तसाच हिशेब तुमच्यापुढे मांडणार आहे.

हा मुलगा हिंगोली जिल्ह्यातला. पुण्यात वारज्याला तिघांत एक खोली घेऊन राहतो आणि कोथरूड-कर्वेनगर भागात हॉटेलांतलं जेवण घरोघरी पोचवतो. आमच्या इमारतीखालच्या बंद दुकानाच्या पायरीवर तो ऑर्डरची वाट बघत बसायचा, तिथे आमची ओळख झाली. एकदा मी त्याला विचारलं, तासाला किती पडतात? त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. म्हणाला, "काका, काल बुधवारी आठशे एकोणनव्वद. ऑर्डरवर सव्वासहा तास होतो. म्हणजे एकशे चाळीस पडले की." सांगताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि त्याचं गणित चुकलेलंही नव्हतं. मी सरांचाच प्रश्न विचारला, कशाला भागलंस?

त्या बुधवारची नोंद आम्ही दोघांनी नंतर पायरीवर बसून पुरी केली. माझ्या सांगण्यावरून तो त्या आठवड्यात आधीपासूनच एका खिशातल्या वहीत वेळा आणि मीटरचे आकडे लिहीत होता, म्हणून ते जमलं.

त्या दिवशी त्यानं 18 ऑर्डरी केल्या. ऑर्डरींचे मिळून 684 रुपये, अठरा ऑर्डरींचं टार्गेट गाठल्याचा इन्सेंटिव्ह 175 आणि टिपचे 30, असे 889. हा आकडा खरा आहे, तेवढे पैसे त्याच्या खात्यात आले. एका ऑर्डरला सरासरी 21 मिनिटं लागली. ऑर्डर घेतल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी देईपर्यंतचा हा वेळ. अठरा ऑर्डरींची 378 मिनिटं, म्हणजे सहा तास अठरा मिनिटं झाली. 889 ला त्यानं भागलं की 141 येतात. त्याचा आकडा इथून आला होता.

आता घड्याळ बघू. सकाळी 10:40 ला तो खोलीतून निघाला. 11 ला लॉगिन, सव्वातीनला लॉगआऊट, साडेतीनला घरी. पुन्हा साडेसहाला निघाला, पावणेसातला लॉगिन, रात्री पावणेबाराला लॉगआऊट आणि 12:05 ला घरी. लॉगिन राहिला तो वेळ सव्वानऊ तासांचा. त्यातले सहा तास अठरा मिनिटं ऑर्डरवर गेले. उरलेली 177 मिनिटं, म्हणजे जवळजवळ तीन तास, तो पायरीवर, हॉटेलासमोर, झाडाखाली गाडी लावून पडद्याकडे बघत उभा होता. याशिवाय चार वेळा घरातून झोनमध्ये आणि झोनमधून घरी जाण्यायेण्यात 70 मिनिटं गेली. घराबाहेर राहिल्याचा एकूण वेळ 10 तास 25 मिनिटं.

दुपारच्या सुट्टीतले तीन तास मी धरले नाहीत. त्या वेळात तो घरी जेवला, झोपला, कपडे धुतले. तो वेळ त्याचा स्वतःचा होता. जाण्यायेण्याचा वेळ धरावा की नाही यावर मतभेद होऊ शकतो, कारण नोकरदार माणूसही ऑफिसला जायचा वेळ पगारात मोजत नाही. मी धरला त्याचं कारण असं की पेट्रोल तर त्याच्याच गाडीचं जळतं, आणि जेवणाच्या दोन वेळांमध्ये कामच नसल्यामुळे त्याला हा प्रवास दिवसातून चारदा करावा लागतो. तुम्हाला पटत नसेल तर ती 70 मिनिटं सोडून द्या. ते 177 मिनिटांचं उभं राहणं मात्र कोणत्याही हिशेबातून सोडता येणार नाही, कारण त्या वेळात तो दुसरं कुठलं काम करू शकत नव्हता. फोन वाजला की काही सेकंदांत होकार द्यायचा असतो.

इथे मला माझे ट्रक आठवतात. मालट्रक भिवंडीच्या गोदामासमोर दोन दिवस उभा राहिला, तर ट्रकमालक हॉल्टिंग लावतो. गाडी खाली करून न दिल्याबद्दल रोजचे ठरलेले पैसे घेतो, आणि माल मागवणारा कुरकुर करत का होईना ते देतो, कारण उभ्या गाडीचाही खर्च चालू असतो हे या धंद्यात सगळ्यांना मान्य आहे. तसंच रिकाम्या फेरीचं. कोल्हापूरहून माल भरून आलेला ट्रक परत रिकामा जाणार असेल, तर तो खर्च आधीच्या भाड्यात धरूनच दर सांगितला जातो. लोखंडाच्या गाडीला मिळणारे हे दोन हक्क दुचाकीवरच्या हाडामांसाच्या माणसाला मिळत नाहीत, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. आजचं व्याख्यान मी त्यासाठीच स्वीकारलं.

आता खर्चाकडे येतो. पहिला खर्च पेट्रोलचा. रायडरला विचारलं तर तो म्हणतो, "रोज अडीचशेचं टाकतो." हा हिशेब नव्हे, ही सवय झाली. खरं ॲव्हरेज काढायची जुनी रीत सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी करत नाही. एका पंपावर टाकी फुल करायची, मीटरचा आकडा लिहायचा, चार-पाच दिवस चालवून त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. जितके किलोमीटर झाले त्याला जितके लिटर मावले त्यानं भागायचं. कंपनी साठच्या वर सांगत असलेल्या त्याच्या गाडीनं 48 दिलं. सिग्नल, चढ, पाठीवरची पेटी आणि अठरा वेळा बंद-चालू होणारं इंजिन, यांत दुसरं काय होणार?

मीटरवर त्या दिवशी 116 किलोमीटर पडले होते. ॲपमध्ये हॉटेलपासून गिऱ्हाइकापर्यंतचं अंतर दिसत होतं 56. उरलेले साठ कुठे गेले? अंदाजे 25 किलोमीटर ऑर्डर आल्यावर हॉटेलपर्यंत जाण्यात, 17 गिऱ्हाइकाकडून परत हॉटेलांच्या गर्दीत येण्यात आणि 18 घरच्या चार फेऱ्यांत. हॉटेलपर्यंत जाण्याचं काही ठिकाणी थोडंफार मिळतं, परत येण्याचं जवळपास कुठेच नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त धाव पडद्यावर उमटलेलीच नव्हती. 116 ला 48 नं भागून लिटरमागे 104 रुपये धरले, तर पेट्रोल 251 रुपयांचं.

पेट्रोल रोज खिशातून जातं म्हणून निदान दिसतं. गाडीची झीज दिसत नाही. ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक-शू, सर्व्हिसिंग हे सगळं किती किलोमीटरनं बदलावं लागतं ते त्याच्या मेकॅनिककडून विचारून मी दर किलोमीटरवर आणलं, तर 75 पैसे आले. मग घसारा. गाडी त्यानं जुनी, 55 हजारांना घेतली होती. आणखी साठ हजार किलोमीटर पळवून विकली तर वीस हजार आले तरी नशीब. म्हणजे साठ हजार किलोमीटरमध्ये पस्तीस हजारांची गाडी झिजली, किलोमीटरला 58 पैसे. साठ हजार किलोमीटर म्हणजे तुमच्या-माझ्या स्कूटरची दहा वर्षं. या मुलाच्या रनिंगनं ती वीस महिन्यांत संपतात.

घसाऱ्याबाबत एक चूक मी फार वेळा पाहिली. कुणी गाडीचा ईएमआय खर्चात धरतो आणि वर घसाराही धरतो. हे दोनदा मोजणं झालं. हप्त्यातलं मुद्दल म्हणजे गाडीचीच किंमत, ती घसाऱ्यात येऊन गेलेली असते. हप्त्यातलं फक्त व्याज वेगळं धरायचं. दुसरी चूक याच्या उलटी आणि जास्त महागात पडणारी: गाडीचे हप्ते फिटले की माणूस समजतो, आता गाडी फुकट चालते. मग एके दिवशी इंजिनचं काम निघतं, बारा-पंधरा हजार हातात नसतात, आणि महिन्याला पाच टक्क्यांनी कर्ज काढावं लागतं. त्याचीच कमाई त्याच्या नकळत रोज थोडी थोडी गाडीतून गळून गेलेली असते.

75 आणि 58 पैसे मिळून 116 किलोमीटरला 154 रुपये. मोबाइलचा रिचार्ज, मोबाइलचीच झीज, गाडीचा विमा, रेनकोट, पेटी हे महिन्याचं सगळं सव्वीस दिवसांवर वाटलं की दिवसाला 40. एकूण खर्च 251, 154 आणि 40 मिळून 445.

889 मधून 445 गेले, राहिले 444. दहा तास पंचवीस मिनिटांनी भागले तर तासाला साडेबेचाळीस रुपये.

तो काही बोलला नाही. मी पण नाही. मग त्यानं वही स्वतःकडे ओढली आणि पुन्हा भागाकार केला.

141 पासून 42 पर्यंतची ही उतरण पायरी-पायरीनं पाहिली पाहिजे. फक्त भाजक बदलला, म्हणजे ऑर्डरवरच्या वेळाऐवजी घराबाहेरचा पूर्ण वेळ घेतला, तर 141 चे 85 होतात. एक रुपयाही खर्च न धरता छप्पन रुपये गेले. मग पेट्रोल काढलं की 61, आणि झीज व बाकीचं काढलं की साडेबेचाळीस. पेट्रोल महागलं की सगळीकडे बोंब होते, आणि ती योग्यही आहे. पण या उतरणीत पेट्रोलचा वाटा चोवीस रुपयांचा आणि न मोजलेल्या वेळेचा छप्पन रुपयांचा. म्हणून मी म्हणतो, गिग कामगारांच्या कमाईचा खरा प्रश्न आहे उभं राहण्याचे पैसे कुणी द्यायचे हा.

या 42 ची तुलना कशाशी करायची? महाराष्ट्रानं देशाला रोजगार हमी दिली. त्या कामाचा आपल्या राज्यातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. आठ तासांनी भागलं तर 39. दुष्काळात माती उचलणाऱ्या मजुराला सरकार ज्या दरानं पैसे देत होतं, त्याहून हा मुलगा साडेतीन रुपयांनी वर आहे, आणि त्या मजुराला स्वतःची मोटारसायकल आणावी लागत नाही. अपघाताची जोखीम मी या हिशेबात धरलेलीच नाही, कारण तिची रुपयांत किंमत करण्याची माझी हिंमत होत नाही.

या आकड्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हा एका मुलाचा एक बुधवार. रविवारी रात्री किंवा पावसाच्या दिवशी ऑर्डरीला जास्त पैसे मिळतात, मंगळवारी दुपारी झोन ओस असतो. इन्सेंटिव्ह कुठे रोजचा असतो, कुठे आठवड्याचा. त्यामुळे एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये, निदान सलग चार आठवडे लिहावेत. दोन ॲप एकाच वेळी चालू ठेवणाऱ्यानं वेळ दोनदा मोजू नये. कमाई दोन्हीकडची, पण घड्याळ एकच. आणि भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर चालवणाऱ्याचं गणित मुळातच वेगळं. त्याला पेट्रोल नाही, घसारा नाही, पण आठवड्याचं भाडं आजारी पडला तरी भरावं लागतं. त्याला लांबची ऑर्डर जड जात नाही, सुट्टी जड जाते.

पेट्रोलच्या गाडीवाल्याला लांबची ऑर्डर कशी जड जाते, तेही बघू. आपल्या मुलाचा पेट्रोल आणि झीज मिळून खर्च किलोमीटरला साडेतीन रुपये. एका रात्री कर्वेनगरहून सिंहगड रस्त्याच्या पलीकडची ऑर्डर आली, 6 किलोमीटर, 55 रुपये. पंचावन्न बघून त्यानं आनंदानं घेतली. दीड किलोमीटर हॉटेलपर्यंत, सहा गिऱ्हाइकापर्यंत, पाच रिकामं परत. साडेबारा किलोमीटर, खर्च 44 रुपये. पाऊण तासाहून जास्त वेळ देऊन उरले 11. त्याच्या आदल्या ऑर्डरीला 32 रुपये होते, येऊन-जाऊन चार किलोमीटर, खर्च 14, उरले 18, तेही पंचवीस मिनिटांत. पडद्यावर मोठी दिसणारी ऑर्डर खिशात लहान होती. मग लांबची नाकारावी का? नाकारल्या तर टार्गेट हुकतं, आणि 175 रुपये 18 व्या ऑर्डरीवरच मिळतात, 17 व्या ऑर्डरीवर नाही. रात्री अकराला एक ऑर्डर कमी असलेला माणूस येईल ती घेतो. इन्सेंटिव्हची रचना याच भरवशावर उभी आहे.

उभ्या वेळेला पैसे देता येतात का, हा प्रश्न जगात दोन ठिकाणी दोन प्रकारे हाताळला गेला. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर 2020 च्या सार्वमतानं प्रस्ताव 22 मंजूर झाला. त्यात किमान वेतनाच्या 120 टक्क्यांची हमी आहे, पण ती फक्त ऑर्डर घेतल्यापासून पोचवेपर्यंतच्या वेळेची. म्हणजे आपल्या मुलाच्या 177 मिनिटांना तिथेही शून्य. न्यूयॉर्क शहरानं दुसरी वाट धरली. तिथे डिसेंबर 2023 पासून जेवण पोचवणाऱ्यांना तासाला किमान 17.96 डॉलर, टिप सोडून, देणं कंपन्यांना बंधनकारक झालं, आणि हा दर काढताना लॉगिन करून वाट बघण्याचा वेळ व कामगाराचा स्वतःचा खर्च दोन्ही धरले गेले. एप्रिल 2025 मध्ये तो 21.44 डॉलर झाला. त्याची दुसरी बाजूही आहे. वाट बघण्याचे पैसे द्यावे लागल्यावर कंपन्यांनी मंदीच्या वेळी लॉगिनच बंद ठेवायला सुरुवात केली, आणि टिपचा पर्याय ऑर्डर देताना न दाखवता नंतर दाखवू लागल्या. कामगारांना त्याचा त्रास झाला. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: आधी वाट बघणं फुकट होतं म्हणूनच इतकी माणसं रस्त्यावर उभी केली जात होती. किंमत लागताच कंपनीला ती मोजता आली.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. गिरणीच्या फाटकाशी सकाळी उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराला आमच्या आजोबांच्या पिढीनं पाहिलं आहे. काम मिळालं तर मजुरी, नाही तर परत. पुढे 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या कलम 15 मध्ये मालकाकडे काम नसल्यामुळे कामगाराला पुरा दिवस काम मिळालं नाही तरी पूर्ण दिवसाचं वेतन द्यावं असं लिहिलं होतं. कलम 17 मध्ये, जिथे नगाचा नव्हे तर वेळेचा किमान दर ठरलेला असेल तिथे नगावर काम करणाऱ्यालाही त्यापेक्षा कमी देता येणार नाही असं होतं. 2019 च्या वेतन संहितेत ही तत्त्वं आहेत आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागूही झाली. पण ती कर्मचाऱ्यांसाठी. आपला मुलगा कायद्याच्या भाषेत कर्मचारी नाही. त्याच दिवशी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आहे, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरावेत अशी तरतूद आहे. तो निधी विम्याला, आजारपणाला उपयोगी पडेल. तासाच्या दरावर त्याचा काही परिणाम नाही.

मी कायदेपंडित नाही, त्यामुळे कायदा कसा बदलावा हे सांगणार नाही. हिशेबनीस म्हणून कंपन्यांकडे एकच मागणी करतो. कमाईच्या त्या पडद्यावर आणखी तीन आकडे छापा: लॉगिन राहिलेला एकूण वेळ, त्यातला ऑर्डरविना गेलेला वेळ आणि लॉगिन असताना गाडी धावलेले एकूण किलोमीटर. यासाठी कोणतं नवं यंत्र लागत नाही. गाडी कुठे आहे, कधी थांबली, हॉटेलात किती मिनिटं रखडली, हे कंपनीला क्षणाक्षणाला दिसत असतं. माहिती आहे, फक्त ज्याची आहे त्याला दाखवली जात नाही.

तोपर्यंत वहीच चालवावी लागेल. घरातून निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, दोन्ही वेळचा मीटर, हातात आलेले पैसे आणि टाकी फुल केली त्या दिवशीचं लिटर. पाच नोंदी, रोजची दोन मिनिटं. तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीत, नात्यात, गावात असा एक तरी मुलगा आहे. चार आठवड्यांनी त्याच्याबरोबर बसून त्याला भागाकार करून द्या. वारज्याच्या त्या मुलाची वही अजून चालू आहे. गेल्या महिन्यात त्याची सरासरी तासाला 46 रुपये आली.